न्यूरोइमेजिंग प्रयोगशाळेतील संशोधन सहायक पदासाठी कव्हर लेटर कसे लिहावे

जीवशास्त्राच्या अंतिम वर्षात असताना न्यूरोइमेजिंगच्या प्रयोगशाळेत अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने एमआरआय स्कॅनर बहुधा जवळून पाहिलेलाही नसतो. अनुभवाची ही उणीव भरून काढण्यासाठी पत्रात मेंदूविषयीच्या कुतूहलाचे वर्णन येते, आणि अर्धे पान त्यातच संपते. पत्र वाचणाऱ्या प्रमुख संशोधकाला मात्र वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते: या व्यक्तीच्या हाती अभ्यासात सहभागी झालेली माणसे आणि त्यांचा डेटा निर्धास्तपणे सोपवता येईल का? हे उत्तर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत केलेल्या कामातून देता येते. ते कसे द्यावे, हे एका काल्पनिक अर्जदार विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊन येथे पायरीपायरीने दाखवले आहे.

उदाहरण असे आहे. विद्यार्थिनी पुण्यात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आहे. तिच्या लघुप्रबंधासाठी तिने उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या रंगवलेल्या कापांमधील पेशी इमेजजे या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मोजल्या आहेत. मुंबईतील एका प्रयोगशाळेची जाहिरात आली आहे. तेथे ज्येष्ठ नागरिकांच्या स्मृतीचा फंक्शनल एमआरआयने अभ्यास चालतो. सहभागींशी संपर्क ठेवणे, स्कॅनच्या दिवशी मदत करणे आणि डेटाची व्यवस्था पाहणे ही कामे जाहिरातीत दिली आहेत. पायथन किंवा मॅटलॅब येत असल्यास प्राधान्य मिळेल, असेही म्हटले आहे. आपल्याकडे अशा पदांना प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट अशी नावे असतात आणि काहींसाठी नेट किंवा गेट आवश्यक असते, म्हणून अत्यावश्यक पात्रतेचा परिच्छेद सर्वांत आधी वाचावा. ती पात्रता नसेल तर चांगले पत्रही छाननीत टिकत नाही.

पहिली पायरी: काम समजून घेणे

लिहायला बसण्यापूर्वी जाहिरातीतील प्रत्येक जबाबदारीचा रोजच्या कामात काय अर्थ होतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. ‘सहभागींशी संपर्क’ याचा अर्थ असा की सत्तरीच्या माणसाला फोन करून वेळ ठरवायची, त्याच्या शरीरात पेसमेकर किंवा धातूची क्लिप आहे का हे विचारायचे, संमतिपत्रात काय लिहिले आहे ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायचे आणि यंत्राच्या अरुंद बोगद्यात भीती वाटली तर स्कॅन थांबवता येईल याची खात्री द्यायची. ‘डेटाची व्यवस्था’ याचा अर्थ असा की स्कॅनरमधून डायकॉम स्वरूपात आलेल्या फाइल्स निफ्टी स्वरूपात बदलायच्या, सहभागीचे नाव कोठेही राहिलेले नाही हे तपासायचे, फाइल्सना ठरलेल्या पद्धतीने नावे द्यायची आणि डोके फार हलल्यामुळे कोणता स्कॅन निकामी झाला आहे ते ओळखायचे. यातील बरेच काम चिकाटीचे आणि पुन्हा पुन्हा तेच करण्याचे आहे, आणि प्रयोगशाळेला ते न कंटाळता करणारा माणूस हवा असतो.

त्यानंतर त्या प्रयोगशाळेचा अलीकडचा एक शोधनिबंध घ्यावा आणि त्यातील कार्यपद्धतीचा भाग वाचावा. निष्कर्ष सगळेच वाचतात, पण संशोधन सहायकाचे काम कार्यपद्धतीच्या भागात असते. किती सहभागी घेतले, किती वगळले आणि का वगळले, कोणते सॉफ्टवेअर वापरले, स्कॅनरमध्ये सहभागींकडून काय करवून घेतले, एवढे टिपून ठेवावे. पत्रात यांतील एकाच गोष्टीचा उल्लेख करायचा आहे, आणि तोही स्वतःच्या कामाशी जोडता येत असेल तरच.

दुसरी पायरी: आरंभ

पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी असाव्यात: कोणते पद व जाहिरात क्रमांक, तुम्ही सध्या काय शिकत आहात, कोणत्या तारखेपासून रुजू होऊ शकता, आणि याच प्रयोगशाळेत अर्ज का करत आहात. ‘लहानपणापासून मला मेंदूचे गूढ खुणावत आले आहे’ हे वाक्य कदाचित खरेही असेल, परंतु ते कोणत्याही प्रयोगशाळेला पाठवता येते आणि त्यावरून वाचणाऱ्याला कोणताच निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी आमची विद्यार्थिनी लिहिते की हिप्पोकॅम्पसच्या कापांवर काम करताना तिला पेशींची संख्या कळली, पण त्या प्राण्याला काय आठवत होते ते कळण्याचा मार्ग नव्हता. ही प्रयोगशाळा जिवंत माणसांत नेमके हिप्पोकॅम्पसचे कार्य आणि स्मृतिचाचणीतील कामगिरी एकत्र पाहते, म्हणून ती अर्ज करत आहे. हे कारण तिच्या कामातून निघालेले आहे, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाच्या पत्रात येणार नाही.

रुजू होण्याची तारीख अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने अजिबात गाळू नये. परीक्षा केव्हा संपते, निकाल केव्हा अपेक्षित आहे आणि तोपर्यंत महाविद्यालय तात्पुरते प्रमाणपत्र देऊ शकते का, हे आधी विचारून घ्यावे. प्रकल्पाचा निधी ठरावीक मुदतीचा असतो. निकालाअभावी नेमणूक दोन महिने अडकणार असेल तर ते प्रमुख संशोधकाला आधी कळायला हवे.

तिसरी पायरी: लघुप्रबंधाचे काम त्यांच्या भाषेत सांगणे

पत्राचा खरा गाभा हाच आहे, आणि बहुतेक पत्रे येथेच कमी पडतात. विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात असे वाक्य होते: ‘मला हिस्टॉलॉजी, मायक्रोस्कोपी आणि इमेज अ‍ॅनालिसिसचा उत्तम अनुभव असून मी मेहनती आणि बारकाईने काम करणारी आहे.’ यात तंत्रांची यादी आहे आणि गुणांचा दावा आहे, पण दोन्हींना आधार नाही. शिवाय फंक्शनल एमआरआयच्या प्रयोगशाळेत कोणी काप रंगवत नाही, त्यामुळे हिस्टॉलॉजी हा शब्द तेथे फारसा कामाचा नाही.

तिच्या कामातील कोणती गोष्ट तेथेही जशीच्या तशी लागते, असा प्रश्न विचारला की उत्तर सापडते. पेशी मोजताना प्रतिमेतील किती गडद ठिपक्याला पेशी म्हणायचे, याची मर्यादारेषा ठरवावी लागते. ती रेषा थोडी सरकवली की संख्या बदलते, आणि कोणता काप प्रायोगिक गटातला आहे हे माहीत असेल तर मनाजोगता निकाल मिळेपर्यंत रेषा सरकवण्याचा मोह होतो. म्हणून तिने वेगळ्या ठेवलेल्या काही कापांवर मर्यादा आधी निश्चित केली, सहकाऱ्याकडून स्लाइडवर सांकेतिक क्रमांक घालून घेतले आणि मोजणी पूर्ण झाल्यावरच गट उघड केले. फाटलेले किंवा दुमडलेले काप वगळताना प्रत्येकाचे कारण वहीत लिहिले. मेंदूच्या स्कॅनमध्येही नेमका हाच प्रश्न असतो: डोके किती हलले तर स्कॅन वगळायचा, हे निकाल पाहण्यापूर्वी ठरले नाही तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

ही जोडणी दाखवली की हिस्टॉलॉजीचा अनुभव एकदम प्रस्तुत ठरतो. दुसऱ्या मसुद्यात ती लिहिते: ‘48 कापांपैकी 5 काप मी वगळले, त्यांची कारणे मोजणीपूर्वी ठरवलेल्या निकषांनुसार नोंदवली आणि 43 कापांची मोजणी गट माहीत नसताना केली.’ ‘बारकाईने काम करणारी’ हे विशेषण आता लिहावे लागत नाही. आकडे थोडेच द्यावेत, पण जे द्यावेत ते वहीतून पडताळून घ्यावेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.

येथे एक मर्यादा मात्र पाळावी. पेशींची मोजणी आणि फंक्शनल एमआरआय यांत साम्य आहे ते शिस्तीचे, मापनाचे नाही. फंक्शनल एमआरआय रक्तातील ऑक्सिजनशी निगडित बदल टिपतो, चेतापेशी थेट पाहत नाही. ‘मला मेंदूच्या प्रतिमांचा अनुभव आहे’ असे मोघम लिहून दोन्ही गोष्टी एकच असल्याचे भासवले, तर जाणकार वाचकाला ते लगेच कळते आणि मग पत्रातील खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

चौथी पायरी: एक छोटे विश्लेषण स्वतः करून पाहणे

जाहिरातीत पायथन किंवा मॅटलॅब मागितले असेल तर ‘शिकण्याची तयारी आहे’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. स्कॅनर नसतानाही साध्या लॅपटॉपवर एक पूर्ण विश्लेषण करता येते, कारण अनेक अभ्यासांचा डेटा खुला आहे. नवशिक्यासाठी मेंदूच्या प्रतिमांचे विश्लेषण करणाऱ्या एसपीएम या सॉफ्टवेअरसोबत दिला जाणारा श्रवणाचा डेटा सर्वांत सोयीचा आहे. तो लंडनमधील एसपीएम तयार करणाऱ्या गटानेच गोळा केलेला असून त्यात एकाच व्यक्तीचे स्कॅन आहेत. एसपीएम मॅटलॅबमध्ये चालते, पण पायथनमधील नायलर्न या मोफत सॉफ्टवेअर-संचातही या डेटावरचा धडा आहे, त्यामुळे मॅटलॅबचा परवाना नसला तरी अडत नाही.

या प्रयोगात दर 7 सेकंदांना संपूर्ण मेंदूची एक प्रतिमा घेतली आहे. 6 प्रतिमा विश्रांतीच्या, मग 6 प्रतिमा शब्द ऐकतानाच्या, असे 42 सेकंदांचे टप्पे आलटून पालटून येतात आणि सुरुवात विश्रांतीने होते. एकूण 96 प्रतिमांपैकी पहिल्या काही वापरत नाहीत, कारण स्कॅन सुरू होताना संकेत स्थिर झालेला नसतो. एसपीएमच्या मार्गदर्शिकेत पहिले पूर्ण आवर्तन, म्हणजे 12 प्रतिमा, सोडून 84 ठेवल्या जातात. उरलेल्या मालिकेची सुरुवातही विश्रांतीनेच होते. एसपीएम शून्यापासून मोजत असल्यामुळे ऐकण्याचे टप्पे 6, 18, 30 अशा क्रमांकांच्या प्रतिमांपासून सुरू होतात.

या विश्लेषणात चूक कोठे होते, हे समजून घेतल्यास पत्राला फार उपयोगी पडते. कोणी 12 ऐवजी पहिल्या 6 प्रतिमाच सोडल्या, तर उरलेली मालिका ऐकण्याच्या टप्प्याने सुरू होते आणि आरंभ 0, 12, 24 असा द्यावा लागतो. तो 6, 18, 30 असाच राहिला तर विश्रांतीला ऐकणे आणि ऐकण्याला विश्रांती अशी उलटी नावे पडतात. सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार करत नाही, नकाशाही सुबक दिसतो, पण दोन्ही बाजूंचा वरचा टेम्पोरल भाग ‘ऐकणे वजा विश्रांती’ या तुलनेत न उजळता उलट तुलनेत उजळतो. श्रवणकेंद्र कोठे असते हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असते, त्यामुळे ही गडबड त्याच्या नजरेस पडायला हवी. प्रयोगशाळेला हवी असलेली सवय हीच आहे: निकाल आला म्हणून थांबायचे नाही, तो शरीररचनेशी जुळतो का ते पाहायचे.

म्हणून पत्रात ‘एसपीएम शिकले’ असे न लिहिता, काय केले, कसे पडताळले आणि निकालाची मर्यादा काय, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. मर्यादा उघड आहे: एकाच व्यक्तीच्या डेटावरून लोकसमूहाविषयी काहीही म्हणता येत नाही. ते स्वतःहून लिहिणारा अर्जदार फार विरळ असतो आणि म्हणून तो लक्षात राहतो. विश्लेषणाचा कोड गिटहबवर ठेवून दुवा दिल्यास उत्तम, मात्र तो दुवा दुसऱ्याच्या संगणकावर लॉगिन न करता उघडतो का, हे पाहून घ्यावे.

पाचवी पायरी: जे येत नाही ते आणि जे फक्त तुम्हालाच येते ते

स्कॅनरवर काम केलेले नाही, हे एका वाक्यात सरळ सांगावे आणि त्याची माफी मागू नये. स्कॅनरचे चुंबक सतत चालू असते. खिशातली कात्री किंवा ऑक्सिजनचे लोखंडी सिलिंडर खोलीत नेले तर ते वेगाने खेचले जाऊन माणसाला इजा होऊ शकते. त्यामुळे नव्या सहायकाला सुरक्षेचे प्रशिक्षण मिळाल्याशिवाय आत सोडत नाहीत. थोडक्यात, ही गोष्ट शिकवावी लागणार हे प्रयोगशाळेने गृहीत धरलेलेच असते.

आमच्या विद्यार्थिनीकडे याउलट एक गोष्ट आहे, जी तिने पहिल्या मसुद्यात लिहिलीच नव्हती. मुंबईतील ज्येष्ठ सहभागींपैकी अनेक जण मराठीत सहज बोलतात आणि इंग्रजी संमतिपत्र पाहून बिचकतात. ती महाविद्यालयाच्या आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन वृद्धांशी बोललेली आहे. हा अनुभव बायोडेटात ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली तळाशी पडून होता. सहभागी मिळवणे आणि ते दुसऱ्या भेटीलाही येतील असे पाहणे ही अशा अभ्यासांतील मोठी अडचण असते, म्हणून त्या अनुभवाची जागा पत्राच्या मध्यभागी आहे.

तयार झालेले पत्र

प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत जाईल, पण काय सांगायचे ते आधी आपल्या भाषेत ठरवले तर इंग्रजीतील ठोकळेबाज वाक्ये आपोआप टळतात. तिचा अंतिम मजकूर असा आहे:

*आदरणीय डॉ. (प्रमुख संशोधकांचे नाव),*

*आपल्या प्रयोगशाळेतील प्रोजेक्ट असिस्टंट पदासाठी (जाहिरात क्रमांक) मी अर्ज करत आहे. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या चौथ्या सत्रात आहे. माझी परीक्षा मे महिन्यात संपेल आणि मी 15 जूनपासून पूर्णवेळ रुजू होऊ शकते. निकाल जुलैमध्ये अपेक्षित आहे. लघुप्रबंधासाठी हिप्पोकॅम्पसमधील पेशी मोजताना, पेशींची संख्या आणि प्रत्यक्ष स्मृती यांचा संबंध मला तपासता आला नाही. आपला गट ज्येष्ठ व्यक्तींमध्ये हिप्पोकॅम्पसचे कार्य आणि स्मृती एकत्र अभ्यासतो, म्हणून मला येथे काम करायचे आहे.*

*लघुप्रबंधात मी 48 कापांच्या प्रतिमा इमेजजेमध्ये तपासल्या. मोजणीची मर्यादा मी वेगळ्या कापांवर आधी निश्चित केली, पूर्वी ठरवलेल्या निकषांनुसार 5 काप वगळले आणि उरलेल्या 43 कापांची मोजणी गट माहीत नसताना केली. आपल्या शोधनिबंधात डोक्याच्या हालचालीमुळे वगळलेल्या सहभागींची नोंद ज्या पद्धतीने दिली आहे, तशा प्रकारची नोंद ठेवण्याची मला सवय आहे.*

*फंक्शनल एमआरआयच्या विश्लेषणाची ओळख करून घेण्यासाठी मी एसपीएमचा खुला श्रवण डेटा नायलर्नमध्ये विश्लेषित केला. टप्प्यांची वेळ योग्य दिली आहे का हे मी दोन्ही टेम्पोरल भागांतील संकेताचा आलेख पाहून पडताळले. हा डेटा एकाच व्यक्तीचा असल्याने त्यावरून मी कोणताही सर्वसाधारण निष्कर्ष काढलेला नाही. कोडचा दुवा बायोडेटात आहे. स्कॅनरवर मी अद्याप काम केलेले नाही आणि मॅटलॅब मला येत नाही. पायथनमध्ये मी फाइल्सची नावे बदलणे, तक्ते जोडणे आणि आलेख काढणे ही कामे स्वतंत्रपणे करते.*

*महाविद्यालयाच्या आरोग्य सर्वेक्षणात मी ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन मराठी व हिंदीत मुलाखती घेतल्या आहेत. अभ्यासाची माहिती आणि संमतीचा अर्थ त्यांना सोप्या शब्दांत समजावून सांगणे मला जमते. मी किमान दोन वर्षे या पदावर राहू शकते. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी संदर्भ देण्यास संमती दिली आहे.*

*आपली विश्वासू,*
*(नाव)*

हे पत्र इंग्रजीत एका पानात बसते. यातील ‘किमान दोन वर्षे’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. नव्या सहायकाला तयार करण्यात प्रयोगशाळेचे काही महिने जातात, आणि तो लगेच पीएच.डी.साठी निघून गेला तर ते वाया जातात. पुढल्या वर्षी परदेशी जाण्याचा बेत पक्का असेल तर ‘एक वर्ष’ असे स्पष्ट लिहावे. काही प्रकल्पांना तेवढेही चालते.

पाठवताना

‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ असा मायना टाळावा. प्रमुख संशोधकाचे नाव संस्थेच्या पानावरून अक्षरशः उतरवून घ्यावे. जाहिरातीत अर्जाचा नमुना दिला असेल तर तोच भरावा आणि पत्र त्याला जोडावे. ईमेलच्या विषयात पदाचे नाव, जाहिरात क्रमांक आणि स्वतःचे नाव असावे. पत्र व बायोडेटा पीडीएफ स्वरूपात जोडावेत आणि फाइलच्या नावात स्वतःचे आडनाव घालावे, कारण केवळ `resume_final.pdf` अशा नावाच्या अनेक फाइल्स त्याच दिवशी तेथे आलेल्या असतात.

पाठवण्यापूर्वी मार्गदर्शकांना किंवा मायक्रोस्कोपवर सोबत काम केलेल्या मैत्रिणीला पत्र देऊन, त्यातील प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे नक्की काय केलेस?’ असा प्रश्न विचारायला सांगावे. ज्या वाक्यावर दोन मिनिटे बोलता येत नाही ते काढून टाकावे. अर्जाची अंतिम तारीख उलटून दोन आठवडे झाले आणि उत्तर आले नाही, तर त्याच ईमेलच्या धाग्यात दोन ओळींची विचारणा करण्यास हरकत नाही. तोपर्यंत निकाल लागला असेल तर गुणपत्रिकाही त्याच उत्तरासोबत जोडावी.